जेवणाच्या इन्सुलिनचे गणित: कार्ब रेशो आणि करेक्शन फॅक्टर

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातून इन्सुलिन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे जेवणाआधी किती युनिट घ्यायचे हे दर वेळी बाहेरून ठरवावे लागते. या डोसचे दोन भाग असतात. एक भाग समोरच्या ताटासाठी, म्हणजे त्यातल्या कर्बोदकांसाठी. दुसरा भाग जेवणाआधीच वाढलेली साखर खाली आणण्यासाठी. पहिला भाग ज्या आकड्यावरून ठरतो त्याला कार्ब रेशो म्हणतात: एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदके पेलते. दुसरा ज्यावरून ठरतो तो करेक्शन फॅक्टर: एक युनिट रक्तातली साखर किती मिलिग्रॅमने उतरवते. दोन्ही आकडे माणसागणिक वेगळे असतात आणि एकाच माणसाच्या बाबतीतही सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असे होऊ शकते.

हे गणित लागू पडते ते बेसल-बोलस पद्धतीला. या पद्धतीत ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखे संथ इन्सुलिन दिवसातून बहुधा एकदा घेतले जाते. न जेवतासुद्धा यकृत रक्तात जी साखर सोडत असते, तिला आवर घालणे हे त्याचे काम. त्याला बेसल म्हणतात. जेवणाआधी लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन यांसारखे झटपट काम करणारे इन्सुलिन घेतले जाते, ते बोलस. आपल्याकडे अजूनही बरेच रुग्ण सकाळ-संध्याकाळ ३०/७० चे मिश्र इन्सुलिन घेतात. त्यात दोन्ही प्रकार एकाच बाटलीत असल्यामुळे भात जास्त घेतला म्हणून फक्त जेवणाचा भाग वाढवता येत नाही. डोस वाढवला की संथ भागही वाढतो आणि तो काही तासांनी भलत्याच वेळी साखर पाडतो. मिश्र इन्सुलिनवर हे दोन आकडे वापरणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दोन्ही आकड्यांचा पहिला अंदाज एकाच गोष्टीवरून काढतात. ती म्हणजे दिवसभराचे एकूण इन्सुलिन, बेसल आणि सगळे बोलस मिळून. त्यासाठी आठवडाभराच्या नोंदींची सरासरी घेतात. तापाचा, उपासाचा किंवा लग्नघरच्या जेवणाचा दिवस त्यातून वगळतात. ज्याला एकूण इन्सुलिन जास्त लागते त्याच्या अंगात इन्सुलिनला विरोध जास्त असतो, म्हणून त्याचे प्रत्येक युनिट कमी काम करते, एवढेच यामागचे तर्कशास्त्र आहे. सूत्रे अशी:

कार्ब रेशो = ५०० ÷ दिवसाचे एकूण युनिट

करेक्शन फॅक्टर = १८०० ÷ दिवसाचे एकूण युनिट

५०० आणि १८०० हे आकडे शरीरशास्त्राच्या एखाद्या नियमातून निघालेले नाहीत. अनेक रुग्णांच्या नोंदी पाहून बसवलेले आहेत. अमेरिकेत अटलांटा येथील डॉ. पॉल डेव्हिडसन यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना नियम १५०० चा होता. तो साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनसाठी होता. १९९६ साली लिस्प्रो बाजारात आले. झटपट इन्सुलिनचे काम लवकर आटोपते आणि त्याचा परिणाम अधिक चटकन दिसतो, म्हणून त्याच्यासाठी १८०० धरू लागले. काही डॉक्टर १७०० घेतात. कार्ब रेशोच्या ५०० बद्दलही एकमत नाही. जपानमध्ये इन्सुलिन पंप वापरणाऱ्या रुग्णांच्या पाहणीत ३०० ते ४०० हा आकडा जास्त जवळचा निघाला, आणि तोही सकाळच्या न्याहारीसाठी सर्वांत लहान. सूत्राने आलेले उत्तर म्हणूनच सुरुवातीपुरते असते. खरा आकडा नोंदवहीतून निघतो.

परदेशी असणाऱ्यांसाठी एक बाब. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत ग्लुकोमीटर मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये साखर दाखवतो. एक मिलिमोल म्हणजे १८ मिलिग्रॅम. त्यामुळे तिथे १८०० च्या जागी १०० हा आकडा येतो. बाकी सूत्र तेच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेता येईल. समजा, एक २९ वर्षांची बाई, वजन ६० किलो. रात्री दहाला ती १८ युनिट ग्लार्जिन घेते आणि तिन्ही जेवणांचे मिळून सरासरी २२ युनिट अस्पार्ट. एकूण ४०. पाचशेला चाळीसने भागले की १२.५ येतात. सुरुवातीला इन्सुलिन किंचित कमी पडलेले बरे, जास्त नको, म्हणून ते १३ धरायचे. म्हणजे १३ ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट. अठराशेला चाळीसने भागले की ४५. म्हणजे एक युनिट ४५ मिलिग्रॅम साखर उतरवील असा अंदाज. जेवणाआधीचे लक्ष्य डॉक्टरांनी १२० ठरवले आहे असे धरू.

दुपारच्या जेवणात दोन पोळ्या, भात, वरण आणि भेंडीची भाजी. इथे खरी अडचण भागाकाराची नसते, ताटातले ग्रॅम ओळखण्याची असते. पोळीचे वजन उपयोगाचे नाही, कारण त्यात पाणी आणि तेलही असते. पिठाचे वजन उपयोगाचे. २५ ग्रॅम कणकेची पोळी असेल तर तिच्यात सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके, दोन पोळ्यांची ३२. भातही शिजवण्याआधी तोलायचा: २५ ग्रॅम तांदळात सुमारे २०. वीस ग्रॅम तूरडाळीच्या वरणात ११ धरायला हरकत नाही आणि भेंडीत दोन-तीन. एकूण ६५ च्या आसपास. ही वजने रोज करावी लागत नाहीत. आठ-दहा दिवस घरातल्या तराजूवर कणकेचा उंडा आणि तांदळाची वाटी तोलली की पुढे डोळ्यालाच अंदाज येतो. मात्र ज्वारीची भाकरी इथे हमखास फसवते. ती मधुमेहाला चांगली, अशी ख्याती असल्यामुळे तिचा हिशेब सैल केला जातो; पण एक भाकरी ५० ग्रॅम पिठाची असली तर तिच्यात ३४ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दोन पोळ्यांहून थोडी जास्तच.

६५ भागिले १३, म्हणजे ताटासाठी पाच युनिट. जेवणाआधी बोट टोचल्यावर साखर २१० दिसली. लक्ष्याहून ९० जास्त. ९० भागिले ४५, म्हणजे दुरुस्तीचे दोन. एकूण सात युनिट. हीच दुरुस्ती उलटीही चालते आणि ती विसरली जाते. साखर ७५ असती तर लक्ष्यापेक्षा ती ४५ ने कमी ठरली असती, आणि पाचातून एक युनिट वजा करून चारच घ्यावे लागले असते. ती ७० च्या खाली असेल तर मात्र आधी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पोटात घालायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचे आणि साखर वर आल्यावरच जेवणाचा डोस पाहायचा.

या दोन आकड्यांचे एकमेकांशी नातेही आहे. एक युनिट १३ ग्रॅम पेलते आणि तेच युनिट ४५ मिलिग्रॅम उतरवते, तर एक ग्रॅम कर्बोदकाने साखर साधारण साडेतीन मिलिग्रॅमने वाढते असा त्याचा अर्थ. साठेक किलोच्या माणसात प्रत्यक्षातही ही वाढ साडेतीन-चारच्या आसपास दिसते. हिशेब करून हा आकडा दीड किंवा आठ येत असेल, तर दोहोंपैकी एक आकडा नक्की बिघडलेला आहे, असे ओळखावे.

तपासणीचा क्रम मोडला की सगळेच घोटाळ्यात पडते. आधी बेसल, मग कार्ब रेशो, मग करेक्शन फॅक्टर. बेसल जास्त असेल तर ते जेवणाचेही काम चोरून करते आणि कार्ब रेशो आहे त्यापेक्षा चांगला वाटतो; मग एखाद्या दिवशी जेवायला उशीर झाला की साखर पडते. बेसल कमी असेल तर न खाताही साखर चढत राहते आणि दोष जेवणाच्या डोसवर जातो. म्हणून रात्री लवकर, सात-साडेसातला हलके जेवायचे आणि साडेअकरापासून सकाळी उठेपर्यंत तीन-चारदा साखर पाहायची. ती ३० मिलिग्रॅमच्या आत वर-खाली झाली तर बेसल बरोबर. दिवसाचे बेसल तपासायचे तर एक जेवण पुढे ढकलून त्या वेळात तसेच पाहतात. मध्ये साखर ७० खाली गेली तर तपासणी तिथेच थांबवून खाऊन घ्यायचे. तेवढ्यावरूनही बेसल जास्त आहे हे कळलेलेच असते.

बेसल ठाकठीक असल्याचे दिसल्यावर कार्ब रेशोची पाळी. यासाठी जेवणाआधीची साखर लक्ष्याजवळ हवी, म्हणजे दुरुस्तीचा भाग मध्ये येत नाही. आधीच्या चार तासांत झटपट इन्सुलिन घेतलेले नसावे. जेवण ज्याचे ग्रॅम खात्रीने माहीत आहेत असे, आणि कमी तेलाचे. उदाहरणातल्या बाईने सकाळी ११८ साखर असताना ४५ ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे खाल्ले, सुमारे ३४ ग्रॅम, आणि अर्धा कप दुधाचा बिनसाखरेचा चहा, ५ ग्रॅम. एकूण ३९, म्हणून १३ च्या हिशेबाने तीन युनिट, खाण्याच्या पंधरा मिनिटे आधी. दोन तासांनी साखर २१२ आणि चार तासांनी १८८. दोन तासांवर ३० ते ६० ची वाढ चालते. चार तासांनी मात्र ती सुरुवातीच्या आकड्यापासून ३० च्या आत यायला हवी. इथे ती ७० ने वर राहिली. ४५ ने भागले तर दीड युनिट कमी पडले असे दिसते, पण एका सकाळवरून एवढी उडी मारायची नाही. रेशो १३ वरून १० वर आणायचा, म्हणजे त्याच न्याहारीला चार युनिट, आणि दोन-तीन दिवस तसेच पाहायचे. साखर चार तासांनी १४३ च्या आसपास येऊ लागली की १० बरोबर.

दुपारी मात्र त्याच बाईची साखर १२४ वरून दोन तासांनी १७६ आणि चार तासांनी १३१ दिसली. तिथे १३ च कायम. सकाळी इन्सुलिन जास्त लागणे हा अपवाद नव्हे, बहुतेकांचा नियमच आहे. पहाटे कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक वर चढतात, यकृत साखर सोडू लागते आणि प्रत्येक युनिटचा प्रभाव घटतो. म्हणून तीन जेवणांना तीन रेशो निघाले तरी काही बिघडले असे समजायचे कारण नाही. रेशोचा आकडा लहान झाला की इन्सुलिन वाढते, हे उलटे नाते नवख्याला हमखास चकवते. साखर वाढते आहे म्हणून १३ चे १५ करणारे कमी नसतात.

करेक्शन फॅक्टर तपासायला साखर मुळात चढलेली असावी लागते, आणि ती मुद्दाम चढवायची नसते. संधी आली की तपासायचे. दुपारचे जेवण होऊन साडेचार तास झालेत, पोटात काही नाही, आणि संध्याकाळी साडेपाचला साखर २५५ दिसते, ही अशी संधी. लक्ष्याहून १३५ जास्त. ४५ ने भागून तीन युनिट. मग चार तास काही खायचे नाही आणि दर तासाला साखर पाहायची. एका तासाने २२८, मग १६०, १०४ आणि चौथ्या तासाला ८७. तीन युनिटांनी १६८ उतरली, म्हणजे एका युनिटाने ५६. सूत्राने सांगितलेले ४५ इथे घातक ठरू शकते. दुसऱ्यांदा तसेच दिसले की संध्याकाळचा करेक्शन फॅक्टर ५५ धरायचा. सकाळचा ४५ असू शकतो. तो सकाळीच तपासायचा.

या तपासणीत ग्लुकोमीटरची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसारही मीटर शंभरच्या वर १५ टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतो. २५५ वाचलेली साखर खरोखर २२० असू शकते. त्यात बोटाला आंब्याचा रस किंवा गुळाचा चिकटपणा असेल तर आकडा आणखी फुगतो. साबणाने हात धुऊन, पुसून टोचायचे ते यासाठी. म्हणून दुरुस्तीचा भागाकार दशांशापर्यंत नेण्यात अर्थ नाही. नेहमीच्या पेनमध्ये एकेकच युनिट फिरते, २.७ आले तर झोपण्याआधी दोन आणि जेवणाआधी तीन, असा धोरणी पूर्णांक घेतात. लहान मुलांत एका युनिटाने साखर शंभर-दीडशेने उतरू शकते, तिथे अर्ध्या युनिटाचे पेनच लागते.

पेनऐवजी बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनची कार्ट्रिज यू-१०० ची असते, यू-१०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने चार युनिटच्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर अंगात दहा युनिट जातात. कितीही अचूक काढलेला रेशो या एका चुकीने निकामी होतो.

सर्वांत जास्त हायपो होतात ते डोसवर डोस चढवल्याने. त्याच बाईने रात्री आठला जेवणाचे सहा युनिट घेतले. दहाला साखर २३० दिसली. लक्ष्याहून ११० जास्त, ५५ ने भागून दोन युनिट, असा सरळ हिशेब डोळ्यासमोर येतो. पण झटपट इन्सुलिन चारेक तास काम करते. दोन तासांनंतर आठच्या सहांपैकी ढोबळमानाने निम्मे, म्हणजे तीन युनिट अजून कामाचे शिल्लक आहेत. हिशेबाला हवे होते दोन, अंगात आहेत तीन. वरून काही घ्यायचे नाही. तरीही घेतले तर रात्री एक-दोनच्या सुमारास, झोपेत, साखर पडते. पंपात हा शिल्लक भाग यंत्र आपोआप वजा करते. पेन वापरणाऱ्याला तो मनातच वजा करावा लागतो. साधी शिस्त अशी की आधीच्या झटपट डोसनंतर चार तास होईपर्यंत दुरुस्तीचा डोस घ्यायचा नाही.

दोन्ही आकडे बरोबर असूनही काही जेवणांत गणित फसते. कार्ब रेशो फक्त कर्बोदके मोजतो. तूप, तेल, शेंगदाणे त्यात येत नाहीत. पण चरबीमुळे जठर रिकामे व्हायला उशीर होतो आणि काही तास इन्सुलिनचा प्रभावही मंदावतो. साबुदाण्याची खिचडी याचा अस्सल नमुना. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४३ ग्रॅम कर्बोदके, जवळपास नुसती पिठूळच. वर तूप आणि दाण्याचे कूट. दोन तासांनी साखर ठीक दिसते आणि चार-पाच तासांनी १०० ने वर. तुपासह पुरणपोळी खाल्ली तरी तसेच घडते. अशा जेवणावरून रेशो बदलायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या साध्या वरणभाताला तोच रेशो जास्त पडतो. काही डॉक्टर अशा वेळी जेवणाचा डोस दोन भागांत विभागून देतात. ते त्यांच्या देखरेखीखालीच शिकायचे.

व्यायामाचे उलटे. संध्याकाळी तासभर भरभर चालल्यावर रात्रीच्या जेवणाचे युनिट नेहमीपेक्षा जोरात काम करते, आणि हा परिणाम मध्यरात्रीपर्यंत टिकू शकतो. तापात किंवा जंतुसंसर्गात करेक्शन फॅक्टर लटका पडतो: एक युनिट ५५ ऐवजी ३० च उतरवते. साखर २५० च्या वर, मळमळ किंवा उलट्या, आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन आढळले, तर हे दुरुस्तीचे गणित बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठायचा, कारण तिथे इन्सुलिनबरोबर सलाइन आणि क्षारांचाही प्रश्न असतो. इन्सुलिन उन्हात गाडीत राहिले किंवा रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ झाली, तरी आकडे अचानक चुकू लागतात. रेशो बदलण्याआधी नवी कार्ट्रिज आणि टोचण्याची नवी जागा वापरून पाहायची.

आकडे पुन्हा काढायची वेळ वजन चार-पाच किलोने बदलले, एकूण इन्सुलिन पाचव्या हिश्श्याने वर-खाली झाले किंवा स्टेरॉइडची गोळी सुरू झाली की येते. काही स्त्रियांना पाळीआधीचे चार-पाच दिवस वेगळा रेशो लागतो. सर्वांत वेगाने बदल होतो तो गरोदरपणात. पहिल्या तिमाहीत इन्सुलिनची गरज अनेकदा घटते, मग सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ती दुपटीच्या आसपास जाऊ शकते, आणि १३ चा रेशो सहा-सातवर येतो. वार बाहेर पडल्यावर ही गरज काही तासांतच कोसळते. म्हणून बाळंतपणानंतर कोणता रेशो आणि कोणता करेक्शन फॅक्टर वापरायचा, हे डॉक्टर आधीच फाइलवर लिहून ठेवतात. ते गरोदरपणाआधीच्या आकड्यांहूनही सौम्य असतात, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईत आणखी सौम्य.